दर जास्त आहे, पण कशाच्या मानाने?

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये एक बैठक हमखास होते. मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरांत पाणी गळलेले असते, छताला काळे-पिवळे डाग पडलेले असतात आणि कमिटीसमोर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन्स ठेवलेली असतात. खजिनदार प्रत्येक कोटेशनचा शेवटचा आकडा एका कागदावर उतरवून घेतो. मग ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्या कॉन्ट्रॅक्टरला सेक्रेटरी फोन करतात : "साहेब, काम तुम्हालाच द्यायचंय, पण तुमचा दर फार जास्त आहे. काहीतरी कमी करा."

या वाक्याला दोन सोपी उत्तरे आहेत. एक, "चला, दहा टक्के कमी करतो." दुसरे, "परवडत असेल तर बघा." पहिल्यात कॉन्ट्रॅक्टर स्वतःचे नुकसान करून घेतो, दुसऱ्यात ग्राहक गमावतो. तिसरे उत्तर सोपे नाही. आपल्या दरात नेमके काय आहे, ते दुसऱ्याच्या दरात का नाही आणि त्या फरकाची किंमत सोसायटीला कशी मोजावी लागेल, हे आकड्यांनिशी मांडायचे. दर न उतरवता काम मिळवायचे असेल तर या मांडणीला पर्याय नाही, आणि ती करायची तर आपले काम आतून-बाहेरून माहीत असावे लागते.

गच्चीचेच उदाहरण घेऊ, कारण इथे चांगले काम आणि वाईट काम वरून अगदी सारखे दिसते. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. गाव, इमारतीची उंची आणि मालाचे भाव बदलले की दर बदलतात. इमारत चार मजल्यांची, पंचवीसएक वर्षे जुनी, २४ फ्लॅट्स. गच्ची ४,००० चौरस फूट. तिच्यावर मूळ बांधकामाच्या वेळचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंट-वाळूच्या मालात बसवून, पाण्याला उतार देऊन केलेला थर, आणि वर चायना मोझॅक. कोबा जागोजागी पोकळ झाला आहे. हातोड्याने ठोकले की भद्द आवाज येतो. एका कॉन्ट्रॅक्टरने चौरस फुटाला ११० रुपये दर दिला आहे, म्हणजे ४ लाख ४० हजार. दुसऱ्याने १८५ रुपये, म्हणजे ७ लाख ४० हजार. फरक तीन लाखांचा. "दर जास्त आहे" हा फोन या दुसऱ्याला आला आहे.

त्याने सर्वांत आधी करायची गोष्ट म्हणजे उत्तर न देणे. आधी विचारावे : "कशाच्या मानाने जास्त वाटतो?" हा प्रश्न उर्मटपणे विचारला तर भांडण होते, मनापासून विचारला तर माहिती मिळते. कारण "महाग आहे" या एकाच वाक्यामागे निरनिराळ्या अडचणी असतात. कधी समोर दुसरे स्वस्त कोटेशन असते. कधी सोसायटीच्या खात्यात तेवढे पैसेच नसतात. कधी कमिटीला दर पटलेला असतो, पण सर्वसाधारण सभेत तो मांडण्याची हिंमत नसते, कारण "सर्वांत महागडा माणूस का निवडला?" असे कोणीतरी उभे राहून विचारणार हे त्यांना ठाऊक असते. आणि कधी केवळ विचारून बघायचे म्हणून विचारलेले असते. या चौघांना एकच उत्तर देऊन चालत नाही. पैसे नसलेल्याला दर्जाचे व्याख्यान ऐकवले तर तो दुखावतो, आणि सभेची धास्ती असलेल्याला सवलत दिली तर त्याची अडचण तशीच राहते, कारण दहा टक्के उतरवूनही आकडा सर्वांत मोठाच असतो.

समजा, अडचण दुसऱ्या कोटेशनची आहे. मग दोन्ही कोटेशन्स एकाच कामाची आहेत का, हे पाहावे लागते. अनेकदा ती तशी नसतात. सोसायटीने तिघांनाही "गच्चीचे वॉटरप्रूफिंग" एवढेच सांगितलेले असते आणि ज्याने त्याने आपापल्या मनातले काम मोजलेले असते. जीएसटी एकाने धरलेला असतो, दुसऱ्याने नाही. अशा कामावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे ७ लाख ४० हजारांवर १ लाख ३३ हजार रुपये. एवढ्या एका ओळीने तुलना उलटीपालटी होऊ शकते. म्हणून आधी दोन्ही आकडे करासकट किंवा दोन्ही कराशिवाय मांडून घ्यावेत. आपल्या उदाहरणात दोन्ही दर कराशिवायचे आहेत असे धरू.

आता खरा फरक. ११० रुपयांचे कोटेशन नीट वाचले तर त्यात लिहिलेले असते : "सध्याचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर नवीन ब्रिकबॅट कोबा व चायना मोझॅक." म्हणजे जुना कोबा तसाच राहणार आणि त्याच्यावर नवा चढणार. १८५ रुपयांच्या कोटेशनमध्ये जुना कोबा स्लॅबपर्यंत फोडून काढायचा, मलबा खाली उतरवून न्यायचा, उघड्या स्लॅबची दुरुस्ती करायची, त्यावर पाणी अडवणाऱ्या लेपाचे दोन हात द्यायचे, पाणी साठवून चाचणी घ्यायची आणि मगच नवा कोबा घालायचा, असा क्रम आहे.

किंमत ठरवण्याच्या शास्त्रात यासाठी एक उपयोगी पद्धत आहे. थॉमस नेगल या अमेरिकी अभ्यासकाचे १९८७ साली निघालेले किंमतविषयक पुस्तक या क्षेत्रात पाठ्यपुस्तकासारखे वापरले जाते. त्यातला विचार असा की, ग्राहकाला आपल्या वस्तूचे मोल सांगताना शून्यापासून सुरुवात करू नये. त्याच्यासमोर दुसरा जो सर्वांत चांगला पर्याय आहे, त्याच्या किमतीपासून सुरुवात करावी आणि त्यात फक्त आपल्या वेगळेपणाचे मोल मिळवावे किंवा वजा करावे. गच्चीवाल्या कॉन्ट्रॅक्टरच्या दृष्टीने याचा अर्थ असा : १८५ रुपयांचे समर्थन करू नका, वरच्या ७५ रुपयांचे करा. खालचे ११० रुपये सोसायटीने मनातून मान्य केलेच आहेत.

मग त्या ७५ रुपयांची फोड कागदावर मांडता येते. ३५ रुपये जुना कोबा फोडण्याचे आणि मलबा हलवण्याचे, म्हणजे १ लाख ४० हजार. ३० रुपये स्लॅबची दुरुस्ती आणि लेपाचे, म्हणजे १ लाख २० हजार. उरलेले १० रुपये कठड्याच्या कडेचा वाटा, पाइपांची तोंडे आणि चाचण्यांचे, म्हणजे ४० हजार. बेरीज बरोबर तीन लाख. ही फोड दिसली की चर्चा "तुम्ही महाग आहात" वरून "जुना कोबा काढायलाच हवा का?" या प्रश्नावर येते. हा प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याला उत्तर आहे.

ते उत्तर वजनाचे आहे. ब्रिकबॅट कोब्याचा एक घनमीटर दोन टनांच्या आसपास भरतो. सरासरी दहा सेंटिमीटर जाडीचा थर धरला तर दर चौरस मीटरला २०० किलो. आपली ४,००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ३७२ चौरस मीटर. म्हणजे नव्या थराचे एकूण वजन ७४ टनांच्या घरात जाते. भारतीय मानकानुसार, आय. एस. ८७५ च्या दुसऱ्या भागात, माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी गृहीत धरायचा भार चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो आहे. हा भार माणसे, सामान यांच्यासाठी राखलेला असतो. मूळ कोब्याचे वजन आराखड्यात वेगळे धरलेले असते. त्यावर आणखी २०० किलोचा कायमचा थर बसवला की माणसांसाठी ठेवलेला सगळा वाव संपतो आणि वर आणखी बोजा पडतो. तोही पंचवीस वर्षे पाणी प्यायलेल्या स्लॅबवर, जिच्यातल्या सळया गंजू लागलेल्या असतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. वरच्या मजल्याच्या छताचे पोपडे पडतात ते बहुधा त्यामुळेच.

ही गोष्ट कॉन्ट्रॅक्टरने स्वतःच्या तोंडाने सांगितली तर ऐकणाऱ्याला ती विक्रीची भाषा वाटू शकते. म्हणून इथे तिसऱ्याचा शब्द आणावा. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करून घ्यावे लागते. कॉन्ट्रॅक्टरने एवढेच म्हणावे : "साहेब, तुमच्या ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरना विचारा, जुन्या कोब्यावर नवा कोबा चालेल का. ते चालेल असं लेखी देत असतील तर मी माझ्या कोटेशनमधून ३५ रुपये काढून टाकतो." या वाक्यात कॉन्ट्रॅक्टरने दर कमी करण्याची तयारी दाखवली आहे, पण त्या बदल्यात काम कमी होणार आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यायची हेही स्पष्ट केले आहे. विचारपूर्वक लेखी देणारा इंजिनिअर असा कागद सहसा देणार नाही.

पैशांचा हिशेबही इथेच पुरा करावा. जुन्यावर नवा कोबा घातला आणि चार वर्षांनी पुन्हा गळू लागले, तर त्या वेळी एक थर नव्हे, दोन थर फोडावे लागतील. आज १ लाख ४० हजारांत होणारे फोडकाम आजच्याच दराने २ लाख ८० हजारांचे होईल. मलबा ७४ टनांऐवजी दीडशे टनांकडे जाईल. शिवाय गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या छताचे आणि त्याच्या गिलाव्याचे जे नुकसान होते, त्याची दुरुस्ती उपविधींप्रमाणे सोसायटीच्याच खर्चाने करायची असते. वरच्या मजल्यावर सहा फ्लॅट्स असतील आणि प्रत्येक छताला तीस हजार लागले, तर आणखी १ लाख ८० हजार. आज वाचवलेले तीन लाख त्या वर्षी साडेचार लाखांहून जास्त होऊन परत येतात, आणि नवा कोबा घालायचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

तरीही एक अडचण उरते, आणि ती सर्वांत मोठी आहे. कमिटी म्हणते, "तुम्ही सांगता ते खरं, पण तुम्ही तसं कराल हे आम्हाला कसं कळणार?"

हा संशय अपमान म्हणून घेऊ नये. त्यामागे अर्थशास्त्रातले एक प्रसिद्ध निरीक्षण आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, जिथे विकणाऱ्याला दर्जा ठाऊक असतो पण घेणाऱ्याला तो ओळखता येत नाही, तिथे घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरीच किंमत द्यायला तयार होतो. त्या किमतीत चांगल्या मालवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि उरलेल्या मालाची सरासरी आणखी खाली येते. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गच्चीचे वॉटरप्रूफिंग हा तसाच बाजार आहे. लेपाचे दोन हात दिले की एक, हे कोबा घातल्यावर कोणालाच दिसत नाही. वर चायना मोझॅकचे पांढरे तुकडे चमकत असतात, ते दोन्ही गच्च्यांवर सारखेच. ग्राहकाला फरक दिसत नसेल तर त्याने आकडा पाहून निवडणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून मोल सांगण्यापेक्षा ते तपासता येईल अशी सोय करून देणे महत्त्वाचे, आणि ही सोय कोटेशनमध्येच लिहिलेली हवी.

लेपाचेच घ्या. सिमेंटयुक्त पॉलिमर लेपाच्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात दर चौरस मीटरला किती किलो लागेल ते दिलेले असते. दोन हातांना मिळून दीड किलो लागणार असेल तर ३७२ चौरस मीटरला सुमारे ५६० किलो लेप हवा. वीस किलोच्या पॅकमध्ये येत असेल तर २८ पॅक. कोटेशनमध्ये लिहावे : "२८ सीलबंद पॅक गच्चीवर आणले जातील, कमिटीच्या प्रतिनिधीसमोर उघडले जातील, रिकामे पॅक काम संपेपर्यंत ठेवले जातील." आता सेक्रेटरींना रसायनशास्त्र कळण्याची गरज नाही, फक्त मोजता यायला हवे. चौदाच पॅक आले तर एकच हात दिला जातोय हे कोणीही ओळखेल. कठड्यावरही लेप चढणार असतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडा जास्तच लागतो. तोही आकडा वेगळा लिहिलेला बरा.

पाणी साठवण्याची चाचणी हा दुसरा पुरावा. लेप वाळल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर काही सेंटिमीटर पाणी ४८ ते ७२ तास उभे ठेवतात आणि वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छत पाहतात. कोबा घालण्यापूर्वी ही चाचणी झाली तर दोष सापडताच तेवढाच तुकडा दुरुस्त करता येतो. कोबा घातल्यावर पाणी एका जागी आत शिरते आणि भलत्याच जागी बाहेर येते, मग शोधणे कठीण. स्वस्त कोटेशनमध्ये चाचणी बहुतेकदा शेवटी एकदाच असते, किंवा नसतेच. कॉन्ट्रॅक्टरने रहिवाशांनाच सांगावे की, तुमच्या घरातले छत तुम्हीच पाहा आणि सही करा. वर्षानुवर्षे बादल्या लावून बसलेल्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला हा मुद्दा कमिटीतल्या कोणाहीपेक्षा लवकर पटतो, आणि सर्वसाधारण सभेत ते कुटुंब त्याच्या बाजूने बोलते.

कडेचे काम दिसायला किरकोळ असते, पण गळतीचा मोठा भाग तिथूनच होतो. सपाट मैदानातून पाणी क्वचित शिरते. ते शिरते स्लॅब आणि कठड्याच्या काटकोनातल्या सांध्यातून, पावसाच्या पाइपाच्या तोंडाभोवती, टाकीच्या पायांशी, सोलर हीटरच्या स्टँडखाली आणि डिश अँटेना बसवताना पाडलेल्या भोकांतून. सांध्याला गोलाई देऊन वाटा मारतात तो एवढ्यासाठीच की काटकोनात लेप चिरतो, गोलाईवर चिरत नाही. उतार शंभराला एक असावा, म्हणजे दहा मीटरच्या अंतरात दहा सेंटिमीटर. तो आहे की नाही हे बादलीभर पाणी ओतून पाहता येते. हे सगळे मिळून दहा रुपये. कोटेशनमध्ये ते नुसते "इतर कामे" म्हणून लिहिले तर कमिटी आधी तेच कापायला सांगते. "टाकीच्या आठ पायांभोवती, पाइपांच्या सहा तोंडांभोवती आणि कठड्याच्या संपूर्ण लांबीला वाटा" असे लिहिले तर कापायला कोणी सांगत नाही.

गॅरंटीबद्दल मात्र जपून बोलावे. दहा वर्षांची गॅरंटी जवळजवळ प्रत्येक जण लिहून देतो, स्टॅम्प पेपरवरही देतो. तिचे मोल वर्षांवर ठरत नाही. गळती कळवल्यापासून किती दिवसांत माणूस येणार, दुरुस्तीचा माल कोणाचा, कोणी गच्चीत नवे भोक पाडले तर काय, हे लिहिलेले नसेल तर तो कागद निरुपयोगी आहे. त्यापेक्षा कॉन्ट्रॅक्टरने आपलेच पैसे अडकवून घेणे जास्त बोलके असते. बिलाचे पाच टक्के, आपल्या उदाहरणात ३७ हजार, सोसायटीने एक पूर्ण पावसाळा पार पडेपर्यंत, ऑक्टोबरअखेरपर्यंत, ठेवून घ्यावेत असे त्याने स्वतःहून सुचवावे. काम कच्चे करणाऱ्याला ही अट परवडत नाही, पक्के करणाऱ्याला परवडते. स्पेन्स यांनी ज्याला संकेत म्हटले तो हाच : जो खोट्याला महाग पडतो आणि खऱ्याला नाही.

आता उलट बाजूने पाहू. कॉन्ट्रॅक्टरने यातले काहीच केले नाही आणि फोनवर "दहा टक्के कमी करतो" म्हटले तर काय होते? दहा टक्के म्हणजे ७४ हजार. या कामात सगळा खर्च जाऊन त्याला पंधरा टक्के, म्हणजे १ लाख ११ हजार सुटणार होते असे धरू. एका वाक्यात त्यातले दोन-तृतीयांश गेले. उरले ३७ हजार, जवळजवळ तेवढेच जे ऑक्टोबरपर्यंत अडकणार आहेत. मायकेल मार्न आणि रॉबर्ट रोझिएलो यांनी १९९२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये अडीच हजारांच्या आसपास कंपन्यांच्या सरासरी आकड्यांवरून दाखवले होते की, विक्री तेवढीच राहिली तर किमतीतल्या एका टक्क्याच्या फरकाने कामकाजातला नफा सरासरी ११ टक्क्यांनी हलतो. छोट्या कॉन्ट्रॅक्टरला हे गणित आणखी झोंबते, कारण त्याच्याकडे मजुरी आणि सिमेंट या दोन्हींचे दर ठरलेले असतात. उरते ती एकच जागा, जी कोणाला दिसत नाही. लेप पातळ होतो, दुसरा हात राहून जातो, चाचणी ७२ ऐवजी २४ तासांत उरकते. सुरुवातीला अशी नियत नसली तरी पैसे कमी पडले की काम तिकडेच सरकते.

सवलतीचा आणखी एक परिणाम लगेच दिसतो. कारण न देता ७४ हजार सोडले की सेक्रेटरींच्या मनात साहजिकच येते : मग पहिल्यांदा एवढे का लावले होते? आणि अजून किती निघतील? त्यानंतर कॉन्ट्रॅक्टरने वजनाचे, लेपाचे, वाट्याचे काहीही सांगितले तरी ते दर वाचवण्यासाठीचे बोलणे वाटते. म्हणून क्रम महत्त्वाचा. मोल आधी, आणि सवलत द्यायचीच असेल तर ती कशाच्या तरी बदल्यात.

बदल्यात म्हणजे काय, हे पैसे खरोखर नसलेल्या सोसायटीच्या बाबतीत नीट कळते. उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का दरवर्षी गोळा करायचा असतो. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा बांधकाम खर्च आजच्या मानाने इतका थोडा असतो की त्यावर किमान दराने जमलेली रक्कम मोठ्या दुरुस्तीला पुरत नाही. अशा वेळी ७ लाख ४० हजार हा आकडा २४ फ्लॅट्समध्ये वाटून दाखवावा. फ्लॅटमागे ३० हजार ८००च्या आसपास. स्वस्त कोटेशनशी फरक फ्लॅटमागे साडेबारा हजार. मग पैसे देण्याचे टप्पे कामाच्या टप्प्यांना बांधून देता येतात : फोडकाम झाल्यावर एक हप्ता, पहिली चाचणी पार पडल्यावर दुसरा, कोबा झाल्यावर तिसरा. काम मे महिन्याच्या धावपळीत न करता फेब्रुवारीत सुरू करायला सोसायटी तयार असेल तर मजुरांची ओढाताण टळते आणि त्यातून वाचलेले पैसे कॉन्ट्रॅक्टर मोकळेपणाने कमी करू शकतो. मलबा वाहून नेण्याची व्यवस्था सोसायटीने स्वतः केली तर छोट्या ट्रकच्या चौदा-पंधरा खेपांचा खर्च बिलातून वजा होतो. चायना मोझॅकऐवजी साधी घोटाई घेतली तरी थोडे वाचतात, फक्त ऊन परावर्तित होण्याचा फायदा कमी होतो, तेही सांगावे. या प्रत्येक ठिकाणी आकडा उतरतो आणि त्याबरोबर कामातले काहीतरी उघडपणे कमी होते किंवा सोसायटीकडे जाते. कमी करता येत नाही ते म्हणजे उतार, वाटा, लेपाची जाडी आणि कोब्याआधीची चाचणी. अर्धी गच्ची यंदा, अर्धी पुढच्या वर्षी हा पर्यायही मोहक वाटतो, पण न केलेल्या अर्ध्या भागातून शिरलेले पाणी जुन्या कोब्याखालून सरकत केलेल्या भागाच्या सांध्यापर्यंत येते, आणि दोष कोणाचा यावरून वाद होतो.

ज्यांना सभेची धास्ती आहे, त्यांना सवलत नको असते, कागद हवा असतो. दोन्ही कोटेशन्समधली कामे शेजारीशेजारी मांडलेला एक पानी तक्ता, ७५ रुपयांची फोड, इंजिनिअरचे पत्र आणि चार-पाच पावसाळे काढलेल्या दोन-तीन गच्च्यांचे पत्ते. ताज्या कामाचा फोटो कोणाचाही चांगला येतो. जुनी गच्ची दाखवली आणि तिथल्या वरच्या मजल्यावरच्या माणसाशी बोलू दिले, तर कमिटीला सभेत सांगायला स्वतःचा अनुभव मिळतो. हा तक्ता तयार करताना दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचे नाव घेऊन त्याला नावे ठेवू नयेत. त्याने कदाचित सांगितले तेवढेच काम मोजले असेल, आणि तो कमिटीतल्याच कोणाच्या ओळखीचाही असू शकतो.

या मांडणीची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. मोल ग्राहकाच्या गरजेवर ठरते, कामाच्या दर्जावर नाही. हीच इमारत दोन-तीन वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल, बिल्डरशी करार होऊन घरे रिकामी करण्याची तारीखही दिसत असेल, तर दहा वर्षे टिकणारा कोबा तिला उपयोगाचा नाही. तिथे ७ लाख ४० हजार हे खरोखरच जास्त आहेत. तडे भरून वर लवचीक लेपाचे दोन हात, किंवा महापालिकेची परवानगी घेऊन पावसाळी पत्र्याची शेड, एवढे पुरे. पुनर्विकासाचे काय, हा प्रश्न कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन देण्यापूर्वीच विचारायला हवा. पोकळ कोबा गच्चीच्या एखाद्याच कोपऱ्यात असेल, बाकी ठणठणीत वाजत असेल, तर सगळा फोडण्याचा आग्रहही चुकीचा. हातोड्याने ठोकून, खडूने पोकळ भाग आखून, तेवढेच मोजून दर दिला पाहिजे.

आणि हे सगळे करूनही काही कमिट्या ४ लाख ४० हजारांचेच कोटेशन घेतात. तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने शेवटच्या क्षणी दर पाडू नये. त्यापेक्षा दोन गोष्टी शांतपणे सांगून निघावे. ज्याला काम देताय त्याच्याकडूनही लेपाच्या पॅकचा हिशेब आणि पाण्याची चाचणी लेखी घ्या. आणि जुन्या कोब्यावर नवा चढवण्याआधी इंजिनिअरना एकदा वजनाबद्दल विचारा. कोटेशनवर तीस दिवसांची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत इंजिनिअरचे उत्तर आले, तर सेक्रेटरींचा फोन पुन्हा येऊ शकतो, आणि या वेळी बोलणे काम कधी सुरू करायचे याबद्दल असते.